सुक्या संत्र्याची माळ, आठ महिन्यांनंतर

मागच्या डिसेंबरात दाराला एक माळ आणि हॉलमध्ये एक वॉल हँगिंग केलं होतं, आता ऑगस्ट संपत आलाय म्हणून लिहितेय, कारण नवीन असताना सगळंच छान दिसतं.

पहिला घाणा फुकट गेला. हौसेने नागपुरी संत्री आणली, पण त्यांची साल सैल असते, चकती कापली की फोडी सुटतात आणि वाळल्यावर सालीची नुसती रिंग हातात येते. दुसऱ्यांदा माल्टा घेतला, घट्ट सालीचा, मोसंबीही चालते पण रंग फिका येतो. चकत्या साधारण ५ मिलिमीटर, पेपर नॅपकिनने दाबून रस टिपला आणि ओव्हनमध्ये जाळीवर १०० डिग्रीला चार तास, दर अर्ध्या-पाऊण तासाने उलटवत. दोन तासांनी बाहेर काढून दाभणाने सालीच्या आतल्या बाजूला भोकं पाडून घ्या, पूर्ण वाळल्यावर पाडायला गेलं की चकती तडकते. गरम असताना ती मऊच लागते, त्यामुळे गार झाल्यावर मधोमध बोट दाबून बघायचं, चिकटलं तर अजून आत ओल आहे.

दालचिनी गुंडाळीची हवी, किराणावाल्याकडे मिळणाऱ्या सपाट साली सुतळीत बसत नाहीत, घसरतात. लवंगा अर्धा तास कोमट पाण्यात भिजवल्या की बारीक सुईने ओवता येतात, मग पंख्याखाली नीट वाळवायच्या. जुन्या लवंगा घेऊ नका. नखाने दाबली की तेल सुटलं पाहिजे, नाहीतर वास येणारच कुठून!

वासाबद्दल स्पष्ट सांगते, संत्र्याचा वास ओव्हन चालू असतानाच घरभर सुटतो आणि तिथेच बराचसा उडून जातो. माळेला जो वास राहतो तो लवंग-दालचिनीचा, तोही जवळ गेल्यावर. फेब्रुवारीपर्यंत तोही मंदावला, मग दालचिनीच्या गुंडाळीत आतून लवंगतेलाचे दोन-दोन थेंब सोडले, दीड-दोन आठवडे मस्त दरवळलं. तेल चकतीवर टाकू नका, डाग पडतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. आमच्या पुण्यात जुलैत हवा इतकी दमट की चकत्यांनी ओल ओढली, मऊ पडल्या, हाताला चिकट, आणि दाराच्या माळेला मुंग्या लागल्या. वाळलेल्या चकतीतही साखर असते, गोडवा गेलेला नसतो. तीन चकत्यांवर पांढरी बुरशी दिसली, त्या लगेच फेकल्या, पुसून ठेवायच्या फंदात पडले नाही. बाकीची माळ सुतळीसकट ओव्हनमध्ये ८० डिग्रीला तासभर ठेवली, गार झाल्यावर पुन्हा कडक झाली. तेलाचा वास मात्र गेला, परत थेंब सोडावे लागले. हॉलमधलं हँगिंग आतल्या कोरड्या भिंतीवर होतं, ते अजून धड आहे, फक्त खिडकीकडच्या बाजूने केशरीचं तपकिरी झालंय.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाच माळ उतरवून हवाबंद डब्यात सिलिका जेलची दोन पाकिटं टाकून ठेवणार आणि दिवाळीनंतर परत लावणार.