सरसकट बंदी की कारणांसह नियम? शॉप फ्लोअरवरच्या मोबाईलसाठी दोन मसुदे

कुपवाड एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस कामगारांच्या मशीन शॉपचं उदाहरण घेऊ: सीएनसी लेथ, दोन पॉवर प्रेस आणि कोपऱ्यात पेंटिंग.

पहिला मसुदा बहुतेक ठिकाणी दिसतो: "शॉप फ्लोअरवर मोबाईल वापरण्यास सक्त मनाई. उल्लंघन केल्यास कारवाई." लिहायला सोपा, वादाला जागा कमी. पण आठवडाभरात सुपरवायझरच कामाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, सेटर अलार्मचा फोटो मेंटेनन्सला पाठवतो, आणि फलक नावापुरता उरतो.

दुसरा मसुदा लांब असतो, पण त्यात कारण लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ: "चक 1500 आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला 25 फेरे. चार सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की 100 फेरे नजरेआड जातात. इयरफोन असेल तर इन्सर्ट तुटल्याचा आवाज आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. म्हणून मशीन चालू असताना फोन हातात नको आणि इयरफोन कानात नको." हे वाचलं की ऑपरेटरला फोन कधी चालेल तेही कळतं: स्पिंडल थांबवून, पिवळ्या पट्ट्याबाहेर जाऊन.

अपवाद मात्र नेमके हवेत. "अत्यावश्यक असल्यास" असं लिहिलं की सगळंच अत्यावश्यक ठरतं. माझ्या मते तीन पुरेत. अपघात झाला तर कुणीही, कुणालाही न विचारता 108 ला फोन करावा. सेटरने मशीन थांबवून पॅनेलचा फोटो काढावा, ग्राहकाच्या ड्रॉइंगचा नाही. घरात आजारपण असेल तर शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझरला सांगून फोन त्याच्या टेबलावर ठेवावा; वाजला तर तो बदली माणूस उभा करून बोलावेल.

तिसऱ्या अपवादातच खरी मेख आहे. समजा, एखाद्याची आई मिरजेत दवाखान्यात आहे आणि त्याची रात्रपाळी आहे. बंदीवाला मालक म्हणतो, घरच्यांनी ऑफिसच्या नंबरवर फोन करावा. ऑफिस संध्याकाळी बंद झालं की तो फोन उचलणार कोण? मग माणूस मोबाईल खिशात लपवतो आणि चालू मशीनवर चोरून पाहतो. ज्या धोक्यासाठी बंदी घातली, तोच वाढतो.

प्रेस आणि पेंटिंगला मात्र मी सरळ पहिलाच मसुदा निवडेन. प्रेसवर क्षणभराचं दुर्लक्ष बोटावर बेततं, आणि थिनरच्या वाफेत साधा फोन नकोच. तिथे दाराशी लॉकर ठेवा, कारण मात्र तिथेही लिहा. बाकी शॉपला दुसरा.

कारवाईही स्पष्ट लिहा: आधी तोंडी समज, मग लेखी. मनाला येईल तसा पगारातून दंड कापता येत नाही. त्यासाठी कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि दंडाला वेतनाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे. नियम मराठीत आणि हिंदीत लावा, कंत्राटी पोरांना वाचून दाखवा, आणि सुपरवायझरची सही सगळ्यात आधी घ्या.