२ मीटरच्या बॉक्सला भिंत १५० ची की २०० ची?

मोहोळकडच्या काळ्या रानात शेतरस्ता ओढा ओलांडतो, तिथे बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न भिंतीच्या जाडीवर येऊन अडतो. ठेकेदार म्हणतो, "१५० मिलिमीटर पुरे, काँक्रीट वाचेल." काँक्रीट वाचतं हे खरं. पण तेवढ्याच भारासाठी सळई वाढते, आणि ती किती वाढते हे बोलताना कोणी सांगत नाही.

हिशेब एकाच बॉक्सचा करू. आतून रुंदी २ मीटर, उंची १.२ मीटर, रस्त्याला आडवी लांबी ५ मीटर. वरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जाणार, स्लॅबवर मुरूम जेमतेम फूटभर. पंखभिंती आणि तळाखालचं बिनसळईचं पीसीसी यात धरलेलं नाही.

चारही बाजू २०० च्या घेतल्या तर बाहेरचं माप २.४ गुणिले १.६, म्हणजे ३.८४ चौरस मीटर. त्यातून आतली पोकळी २.४ वजा केली की १.४४ उरतात. चार कोपऱ्यांतल्या १५० च्या तिरप्या भरावाचे ०.०४५ मिळवा आणि ५ ने गुणा: साधारण ७.४ घनमीटर. हेच १५० ला केलं तर ५.५ घनमीटर येतं. जवळपास २ घनमीटर वाचले.

आता सळई. स्लॅब वाकायला लागला की त्याला पेलतं ते वरच्या काँक्रीटपासून खालच्या सळईपर्यंतचं अंतर. सळईबाहेरचं काँक्रीट, म्हणजे ४० चं कव्हर, आणि १२ च्या सळईचा अर्धा व्यास वजा केला, की २०० च्या स्लॅबमध्ये हे अंतर १५४ मिलिमीटर उरतं आणि १५० च्यात फक्त १०४. जाडी पाव कमी झाली, कामाचं अंतर मात्र जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटलं. म्हणून जिथे १२ ची सळई १५० अंतरावर चालली असती, तिथे ती १०० वर बांधावी लागते. सळईचे आतला-बाहेरचा असे दोन्ही थर आणि ८ च्या आडव्या सळया धरून २०० च्या बॉक्सला साधारण ६४० किलो लागतात, १५० च्याला ८५०. वजन काढायचं सूत्र फिटरला तोंडपाठ असतंच: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ ची सळई मीटरला ०.८९ किलो.

म्हणजे १.९५ घनमीटर काँक्रीट वाचवायला २१० किलो लोखंड जास्त गेलं. एका घनमीटरमागे १०८ किलो. तुमच्याकडे एम२५ काँक्रीटचा एक घनमीटर १०८ किलो सळईपेक्षा स्वस्त पडत असेल, तर जाड भिंतच परवडते. भाव विचारून एकदा गुणाकार करा. बहुतेक वेळा फरक इतका थोडा निघतो की त्यावर निर्णय घेऊच नये.

निर्णय घ्यावा तो काँक्रीट भिंतीत उतरतं की नाही यावर. १५० च्या भिंतीत दोन्ही बाजूंचं ४० चं कव्हर सोडा, दोन्ही थरांच्या १२ आणि ८ च्या सळया सोडा. मध्ये राहते ३० मिलिमीटरची फट. व्हायब्रेटरची ४० ची सुई तिच्यात जात नाही. २० ची खडी सळईवर अडते आणि तळाशी खडीतल्या पोकळ्या रसाने भरत नाहीत. माझ्या एका कामावर अशीच भिंत भरली. शटरिंग उघडलं तर खालची वीतभर पट्टी खडीची, मध्ये सळई उघडी. हातोडी मारली की वर टणक आवाज आणि खाली भद्द. ओढ्याचं पाणी पहिल्यांदा लागतं ते नेमकं तिथेच. २०० च्या भिंतीत हीच फट ८० मिलिमीटरची असते आणि सुई तळापर्यंत जाते.

तिसरा मार्गही लोक सुचवतात: १ मीटरचे दोन गाळे, मध्ये भिंत. कागदावर तो सगळ्यांत स्वस्त. १५० च्या भिंतीत १० ची सळई १५० वर चालते, काँक्रीट ६.६ घनमीटर आणि लोखंड ५६५ किलोच्या आसपास. पण भिंतीतली फट इथेही ३४ मिलिमीटरच, आणि अशा भिंती तीन. शिवाय पहिल्या मोठ्या पावसात बांधावरचं पाचट आणि बाभळीच्या फांद्या वाहत येतात आणि मधल्या भिंतीला आडव्या होतात. ओढ्याला कचरा येत नसेल, नुसती चारीच असेल, तर हा विचार करायला हरकत नाही.

वाहत्या ओढ्यावर मी २ मीटरचा एकच गाळा आणि २०० ची भिंत घेतो. कव्हर ब्लॉक ४० चेच, आणि तळ भरताना भिंतीच्या सळया आधीच उभ्या. काळी माती ओली झाली की फुगून भिंतीला दाबते, म्हणून दोन्ही अंगांना तीच माती परत लोटू देत नाही. मुरूम थराथराने, दोन्हीकडे सारख्याच उंचीने, आणि वरचा स्लॅब पक्का झाल्यावरच. स्लॅब नसताना एकाच बाजूने भरलं तर भिंत वरून आत झुकते. ओळंबा लावला की ते लगेच दिसतं.