चाई पडली आहे: थांबायचे, मलम लावायचे की इंजेक्शन घ्यायचे?

डोक्यावर नाण्याएवढा गोल भाग अचानक गुळगुळीत होतो. तिथे खाज नसते, दुखत नाही, कोंडाही नसतो. बहुतेकदा तो आधी केस कापणाऱ्याला किंवा घरातल्या कुणाला दिसतो. मराठीत याला चाई म्हणतात आणि वैद्यकात अ‍ॅलोपेशिया अरेटा. इथे आपण मुख्यतः अशा माणसाचा विचार करतो, ज्याला एक ते तीन लहान चट्टे पडले आहेत आणि आता काय करावे हे ठरवायचे आहे. त्याच्यापुढे खरे पर्याय तीनच असतात. डोक्याचा मोठा भाग गेला असेल तर हिशेब बदलतो, त्याबद्दल शेवटी.

आधी नक्की चाईच आहे ना?

चाईमध्ये शरीराच्याच संरक्षक पेशी वाढत्या केसाच्या मुळाशी गोळा होतात आणि त्या कंदावर हल्ला करतात. केस गळतो, पण ज्या भागातून पुढचा केस तयार होतो तो थोडा वर असतो आणि तो शाबूत राहतो. म्हणून चट्ट्यावर केसांची छिद्रे दिसतात आणि केस परत येण्याची शक्यता कायम राहते. हा संसर्ग नाही. कंगवा किंवा टॉवेल एकच वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

चट्ट्याच्या कडेला उजेडात नीट पाहा. काही मिलिमीटर लांबीचे, टोकाला जाड आणि मुळाशी बारीक झालेले केस दिसले, म्हणजे उद्गारचिन्हासारखे, तर ती चाईची चांगली खूण आहे आणि आजार सध्या चालू आहे हेही त्यातून कळते. कडेचे पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर सहा किंवा जास्त हातात आले, तर चट्टा अजून पसरतो आहे असे समजावे.

चट्ट्यावर पापुद्रे असतील, केस मुळाशी काळ्या ठिपक्यांसारखे तुटलेले असतील, मानेत गाठ लागत असेल, विशेषतः मूल असेल, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्यावर स्टेरॉइडचे मलम लावले की बुरशी आणखी फोफावते. त्याला पोटातून घ्यायचे बुरशीविरोधी औषध लागते. चट्टा वेडावाकडा असेल आणि त्यात वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतील, तर केस ओढण्याच्या सवयीचा विचार करावा लागतो. त्वचा चकचकीत असून छिद्रेच दिसत नसतील, तर मात्र थांबू नये. व्रण होऊन केसांची मुळे कायमची जाणारे आजार वेगळे असतात आणि त्यांत प्रत्येक महिना मोलाचा असतो.

किती भाग गेला, ते मोजा

उपचार निवडताना डॉक्टर डोक्याचे चार भाग करतात. माथा 40 टक्के, मागचा भाग 24 टक्के, उजवी आणि डावी बाजू प्रत्येकी 18 टक्के. ज्या भागातले जितके केस गेले, तितका त्याचा वाटा धरून बेरीज करायची. समजा एका तिशीच्या माणसाला दोन चट्टे आहेत. मागच्या भागातला 3 सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याने त्या भागाचा साधारण 5 टक्के भाग व्यापला आहे. माथ्यावरचा 2 सेंटिमीटरचा असून त्याने माथ्याचा साधारण 2 टक्के भाग घेतला आहे. मागचे 1.2 आणि माथ्याचे 0.8, म्हणजे एकूण 2 टक्के. आरशात हे फार मोठे वाटते, पण आजाराच्या मापात ते अगदी सौम्य आहे. पुढची तुलना याच माणसाला समोर ठेवून करू.

थांबणे

हा उपचार टाळणे नव्हे, तो खरोखरचा पर्याय आहे. चट्टे थोडे आणि नवे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण एक तृतीयांश ते निम्मे किंवा त्याहून जास्त आढळले आहे. याच कारणाने चट्ट्यावर जे काही चोळावे ते 'लागू पडले' असे वाटते. आग होणारा लेप लावून तीन महिन्यांनी केस आले, तर ते लेपाने आले की आपल्या वेळेने आले, हे एका माणसावरून सांगता येत नाही. त्वचा भाजल्याचे नुकसान मात्र नक्की त्या लेपाचेच असते.

थांबायचे तर मोजून थांबावे. महिन्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. पहिले केस बहुधा बारीक आणि पांढरे येतात. रंग नंतर भरतो. याला अपयश समजू नये, ती सुधारणेची खूण आहे. तीन महिन्यांत चट्टा वाढला किंवा नवे पडले, तर थांबण्याची मुदत संपली.

थांबणे कुणी टाळावे? लहानपणीच सुरुवात झालेल्यांनी, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे असलेल्यांनी, आणि ज्यांचा चट्टा कानामागून मानेवरच्या केसांच्या कडेने पट्ट्यासारखा पसरतो आहे त्यांनी. या तिघांतही आजार चिवट असतो.

मलम किंवा लोशन

इथे कामाचे असते ते तीव्र स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासोल 0.05 टक्के. डोक्यासाठी मलमापेक्षा लोशन किंवा फेस सोयीचा, कारण तो केसांना न चिकटता त्वचेपर्यंत पोहोचतो. चट्ट्यावर आणि कडेबाहेर एक सेंटिमीटरपर्यंत पातळ थर द्यावा. किती वेळा लावायचे ते डॉक्टर ठरवतील. फरक दिसायला सहसा तीन महिने द्यावे लागतात.

मलमाचा मोठा फायदा म्हणजे सुई नाही. म्हणून मुलांसाठी आणि सुईला घाबरणाऱ्यांसाठी हाच पहिला पर्याय. मर्यादाही उघड आहे: केसाचा कंद त्वचेच्या खोल थरात असतो आणि औषध तिथपर्यंत कमीच पोहोचते. नेहमी दिसणारा त्रास म्हणजे केसांच्या मुळाशी पुटकुळ्या. त्या आल्या तर काही दिवस थांबून औषधाचे स्वरूप बदलून घ्यावे. कपाळाकडे किंवा भुवयांकडे ओघळलेले औषध तिथली त्वचा पातळ करते, म्हणून लावून झाल्यावर हात धुवावेत.

मिनॉक्सिडिल 5 टक्के बरोबर जोडले जाते. ते केसाला वाढायला ढकलते, पण मुळावरचा हल्ला थांबवत नाही. एकट्या मिनॉक्सिडिलवर चाई सोडू नये.

इंजेक्शन

मोठ्या माणसाच्या मोजक्या चट्ट्यांसाठी आमची पहिली पसंती हीच, कारण औषध थेट कंदापाशी जाते. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड बारीक सुईने चट्ट्याच्या त्वचेत, साधारण एकेक सेंटिमीटर अंतरावर, दर ठिकाणी 0.1 मिली किंवा त्याहून कमी सोडतात. डोक्यासाठी दर मिलीत 5 मिलिग्रॅम ही नेहमीची तीव्रता, भुवईसाठी 2.5.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचा हिशेब असा. 3 सेंटिमीटरच्या चट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण 7 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 7 टोचे. 2 सेंटिमीटरच्या चट्ट्यात 3 टोचे. एकूण 10 टोच्यांत 1 मिली, म्हणजे 5 मिलिग्रॅम औषध. एका बैठकीत 20 मिलिग्रॅमच्या आत राहण्याची पद्धत आहे, तेव्हा हा डोस बराच कमी आहे. पुढची बैठक चार ते सहा आठवड्यांनी. पहिली लव सहसा चार ते आठ आठवड्यांत दिसते.

बिघडते ते बहुधा दोन कारणांनी. ट्रायमसिनोलोनच्या बाटल्या मिलीला 10 आणि 40 मिलिग्रॅम अशा तीव्रतेत मिळतात. पुरेसे पातळ न करता किंवा एकाच जागी जास्त टोचले की तिथे खळगा पडतो. खळगा बहुतेकदा काही महिन्यांत भरून येतो, पण त्याच जागी पुन्हा टोचायचे नसते. दुसरे कारण खोली. सुई फार खोल गेली तर औषध चरबीत जाते: केस येत नाहीत आणि खळगा मात्र पडतो. औषध कोणत्या तीव्रतेचे आहे, हे टोचण्याआधी विचारण्यात काहीच गैर नाही. सहा महिन्यांत काहीच उगवले नाही, तर हा मार्ग थांबवावा.

एक गोष्ट इथे स्पष्ट कळायला हवी. इंजेक्शन जिथे दिले तिथेच केस आणते. पुढच्या महिन्यात दुसरीकडे चट्टा पडणे ते थांबवत नाही. नवा चट्टा पडला म्हणजे इंजेक्शन बाधले, असे नाही. आणि दर आठवड्याला नवे चट्टे पडत असतील, तर एकेका चट्ट्यामागे सुई घेऊन धावण्यात अर्थ नाही.

तेव्हा आपल्या माणसाने काय करावे? चट्टे तीन आठवड्यांपूर्वीचे असतील, वाढत नसतील आणि लांब केसांत झाकले जात असतील, तर फोटो काढत तीन महिने थांबणे पूर्ण योग्य. चट्टे तीन महिन्यांचे होऊनही हलत नसतील किंवा समोर दिसत असतील, तर इंजेक्शन. सुई नकोच असेल, तर निकाल हळू येईल हे मान्य करून लोशन.

भाग मोठा असेल तर

बेरीज 50 टक्के किंवा जास्त झाली की आजार गंभीर धरतात. पोटातून स्टेरॉइड दिल्याने केस येतात, पण बंद करताच पुष्कळांचे पुन्हा जातात आणि जास्त काळ घेतल्यास हाडे, साखर व वजनावर परिणाम होतो. ते वेगाने पसरणारा आजार रोखण्यापुरते, थोडक्या मुदतीसाठी ठेवावे.

जुना पण टिकून राहिलेला मार्ग म्हणजे डीपीसीपी हे त्वचेवर लावायचे रसायन. आधी 2 टक्के द्रावण त्वचेवर लावून मुद्दाम अ‍ॅलर्जी निर्माण करतात. साधारण दोन आठवड्यांनी 0.001 टक्क्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला हलकी खाज-लाली राहील इतकी तीव्रता वाढवत नेतात. औषध 48 तास उन्हापासून झाकून मग धुतात. फोड आले तर तीव्रता जास्त झाली. गरोदरपणात हे करत नाहीत.

दुसरा मार्ग जॅक रोधक गोळ्यांचा, म्हणजे संरक्षक पेशींना हल्ल्याचा संदेश पोहोचवणारी जॅक नावाची प्रथिने अडवणाऱ्या गोळ्यांचा. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत 2022 साली प्रौढांतील गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली, तर रिटलेसिटिनिबला 2023 साली, 12 वर्षांपासून पुढच्यांसाठी. बॅरिसिटिनिब 4 मिलिग्रॅम रोज घेणाऱ्यांपैकी साधारण 35 ते 39 टक्क्यांचे डोके 36 आठवड्यांत 80 टक्के किंवा जास्त भरले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 3 ते 6 टक्के होते. म्हणजे गुण खरा आहे, पण सगळ्यांना येत नाही. सुरू करण्यापूर्वी क्षयरोग, कावीळ, रक्तपेशी आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या लागतात. गंभीर संसर्ग, रक्ताच्या गाठी, हृदयविकार आणि कर्करोग यांबद्दलचे इशारे या औषधांवर आहेत, म्हणून 2 टक्के केस गेलेल्या माणसाला त्या द्यायच्या नसतात. शिवाय गोळी बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात, त्यामुळे ती किती वर्षे चालवायची हा प्रश्न पहिली गोळी घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा.