कॅल्क वापरून एक सत्र झालं: नावं शाबूत, पण समोरच्याच्या एक्सेलचं काय?

निकालाच्या आठवड्यात तालुक्याहून फोन आला. "काहून जी सर, हे काय पाठवलं तुम्ही? मार्क बराबर आहेत, पोरायची नावं कुठी गेली?" मी पाठवलेल्या सीएसव्ही फाईलीत, फोन करणाऱ्याच्या स्क्रीनवर सीमा नावाची मुलगी अशी दिसत होती:

```
à¤¸à¥€à¤®à¤¾
```

आमच्या शाळेत एक्सेलची जुनी प्रत होती. नवीन लायसन्सला पैसे नाहीत, म्हणून सत्राच्या सुरुवातीला लिबरऑफिस टाकलं, त्यात एक्सेलच्या जागी कॅल्क असतं. फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं, आणि सूत्रं-बेरजांसाठी मला काही कमी वाटलं नाही. त्याबद्दल एवढंच. मला बोलायचंय ते नावांबद्दल.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. त्यात अक्षरं कोणत्या पद्धतीनं लिहिली आहेत, याची नोंदच नसते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि पहिले दोन बाइट बहुतेक सारखेच. एक्सेलमध्ये फाईलवर डबल क्लिक केलं, आणि फाईलीच्या सुरुवातीला बीओएम ही खूण नसली, की विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य तक्त्यानुसार एकेका बाइटाचं एकेक अक्षर होतं. म्हणून à¤ आणि à¥ ची रांग लागते. नाव बिघडलेलं नसतं, चुकीच्या चष्म्यातून वाचलेलं असतं.

कॅल्क इथं शहाणं आहे. सीएसव्ही उघडली की ते आधी Text Import ची खिडकी दाखवतं. त्यात Character set मध्ये Unicode (UTF-8) निवडायचं, खालच्या नमुन्यात नावं नीट दिसली की मगच ओके. सुरुवातीला या खिडकीचा मला वैताग यायचा, दरवेळी काय विचारता? आता वाटतं, विचारतं तेच बरं. न विचारता उघडणाऱ्यानं माझा जास्त वेळ खाल्लाय.

इथवर मी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. पण तो फोन आला होता कॅल्कनंच सेव्ह केलेल्या फाईलीमुळे. माझ्याकडच्या कॅल्कमधून फाईल यूटीएफ-८ मध्येच निघते, पण बीओएम लागत नाही. माझ्याकडे सगळं ठीक, तालुक्याच्या एक्सेलमध्ये कचरा. म्हणून एक तारा कापला.

त्यावर दोन उपाय कामाचे ठरले. समोरच्यानं फाईल डबल क्लिक न करता रिकाम्या शीटमधून `Data > From Text/CSV` ला जायचं आणि File Origin मध्ये `65001: Unicode (UTF-8)` घ्यायचं. पण फोनवर हे समजावताना माझा अर्धा बॅलन्स नि अर्धा जीव जातो, त्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा फाईल पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडायची, Save As करून Encoding मध्ये `UTF-8 with BOM` निवडायचं. मग समोरचा खुशाल डबल क्लिक करो. हा पर्याय विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत आहे. जुन्या नोटपॅडमध्ये नुसतं UTF-8 निवडलं तरी बीओएम लागायचा, नव्यात लागत नाही. दोन संगणकांवर एकच नाव निवडून वेगळा निकाल येतो तो यामुळेच.

आता ज्यानं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते. à¤ दिसलं तर घाबरू नका, पण ती फाईल तशीच सेव्ह करू नका. कुणी त्याच अवस्थेत `CSV UTF-8` म्हणून सेव्ह केली, तर कचराच खरा मजकूर बनतो. ओळखायची खूण अशी: कॅल्कमध्ये UTF-8 निवडूनही à¤ च दिसतं. उलट फिरवता येतं म्हणतात, पण जोडाक्षरांवर माझा भरवसा नाही, कारण हलन्ताच्या शेवटच्या बाइटाला त्या पाश्चात्त्य तक्त्यात दिसणारं अक्षरच नाही. कॉपी-पेस्टमध्ये तो गळाला की प्रज्ञाची 'परजञा' होऊ शकते.

आणि जर `????` दिसलं, तर शोधाशोध थांबवा. एक्सेलमधून साध्या `CSV (Comma delimited)` मध्ये देवनागरी सेव्ह केली की जुन्या तक्त्यात न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. त्यात मागं काही उरत नाही. एका शाळेची पूर्ण दहावीची यादी अशी आली होती. गुण होते, नावं नव्हती. हजेरीपटावरून एकेक नाव पुन्हा टाइप करण्यात बाईंचा रविवार गेला.

आता मी केंद्रातल्या सगळ्यांकडून मूळ `xlsx` किंवा `ods` फाईलच मागतो, आणि सीएसव्ही शेवटी, जिथं ती मागितली असेल तिथंच करतो.