मासवडीसाठी दोन कॅप्शन: कुठलं टाकावं आणि का

माझ्या मावसबहिणीचं कर्वेनगरला क्लाउड किचन आहे. बसून खायची सोय नाही, सगळं पार्सल. गेल्या महिन्यात तिने मेनूत मासवडी-रस्सा आणला आणि त्याच्या पोस्टसाठी दोन कॅप्शन लिहून माझ्याकडे पाठवली. यातलं कुठलं टाकू, एवढाच तिचा प्रश्न होता. तुम्हीही नवा पदार्थ आणताना याच पेचात असाल, म्हणून दोन्ही इथे जशीच्या तशी देते.

पहिलं असं होतं:

«मासवडीत मासा नसतो! असतं ते बेसनाच्या पारीत गुंडाळलेलं तीळ, सुकं खोबरं आणि लसणाचं सारण, आणि सोबत झणझणीत काळा रस्सा. जुन्नर भागात पाहुणे आले की होणारा हा बेत आता आमच्या किचनमध्ये. ओपनिंग प्राइस फक्त 179 रुपये, मर्यादित काळासाठी. पुण्यात घरपोच. पर्यावरणपूरक पॅकिंग.»

आणि दुसरं असं:

«कर्वेनगर, कोथरूड, वारजे: 12 तारखेपासून मासवडी-रस्सा-भाकरी, 179 रुपये. 6 वड्या, 250 मिली काळा रस्सा, बाजरीच्या 2 भाकरी, कांदा-लिंबू. एका माणसाचं पोटभर जेवण, पूर्ण शाकाहारी. वड्या, रस्सा, भाकरी वेगवेगळ्या बांधलेल्या. हा भाव 21 तारखेपर्यंत, 22 पासून 220 रुपये. थेट आमच्याकडे ऑर्डर केल्यास किचनपासून 4 किलोमीटरपर्यंत डिलिव्हरी मोफत.»

पहिलं वाचून भूक लागते, दुसरं वाचून ऑर्डर देता येते. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण पहिल्यातली तीन विधानं किचनला महागात पडणारी होती आणि दुसऱ्यात एक गोष्ट राहून गेली होती.

आधी अंतर बघू. «पुण्यात घरपोच» लिहिलं की बाणेरहूनही मेसेज येतो आणि हडपसरहूनही. प्रत्येकाला नाही म्हणावं लागतं आणि नकार मिळालेला माणूस पुन्हा विचारत नाही. दुसऱ्या कॅप्शनमध्ये भागांची नावं पहिल्याच ओळीत आहेत, ते मला फार आवडलं. वाचणारा स्वतःच्या भागाचं नाव शोधतो, «4 किलोमीटर» वाचून कोणी नकाशा उघडत नाही. शिवाय नकाशावरचं वर्तुळ आणि रस्ता यांत फरक असतो. कर्वेनगरहून सिंहगड रोड सरळ रेषेत अगदी जवळ, पण मध्ये मुठा नदी आहे आणि संध्याकाळी राजाराम पुलावर गाडी किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. म्हणून पलीकडचे भाग जवळ असूनही तिने यादीतून मुद्दाम गाळले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डिलिव्हरी अ‍ॅपवर आपलं किचन किती लांब दिसेल हे मुख्यतः अ‍ॅप ठरवतं आणि पावसात किंवा रायडर कमी असताना ते अंतर आक्रसतं. त्यामुळे कॅप्शनमधलं अंतर फक्त थेट ऑर्डरीसाठी लिहावं आणि तसं स्पष्ट म्हणावं. दुसऱ्या कॅप्शनमध्ये ते आहे.

अंतर 4 किलोमीटर का, 7 का नाही? याचं उत्तर भाकरीत आहे आणि पैशातही आहे.

भाकरीचं आधी सांगते. तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी तशीच डब्यात बंद केली की तिची वाफ झाकणाला लागते, पाणी परत भाकरीवर पडतं, पापुद्रा ओला होतो आणि गार झाल्यावर ती वातड होते. बहिणीने तीन प्रकार करून पाहिले. बंद डब्यातली वीस मिनिटांत ओली झाली, फॉइलमधली थोडी बरी राहिली. जाळीवर तीन-चार मिनिटं ठेवून वाफ जाऊ दिलेली आणि मग बटर पेपरमध्ये सैल गुंडाळलेली भाकरी अर्ध्या तासानंतरही हाताने नीट मोडत होती. (वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे, शाईमुळे. तो विचारही नको.) अर्ध्या तासाच्या पुढे मात्र कुठलीच युक्ती चालली नाही. संध्याकाळच्या गर्दीत 4 किलोमीटरला वीस मिनिटं धरा, 7 किलोमीटरला पस्तीस-चाळीस. म्हणजे हद्द भाकरीने ठरवली.

रस्सा हा त्याहून अवघड भाग. वड्या रश्शात बुडवून पाठवल्या तर बेसन रस्सा पितं, वडी फुगते, कडेने सुटते आणि पोचेपर्यंत डब्यात पिठल्यासारखा लगदा होतो. म्हणून वड्या वेगळ्या. आणि काळ्या रश्शावरचा तेलाचा तवंग सुटी फट शोधतोच. पहिल्या चाचणीत तिने रस्सा उसाच्या चिपाडाच्या वाटीत भरला, कारण तिला «पर्यावरणपूरक» लिहायचं होतं. वाटी दिसायला छान होती. स्कूटरवर घालून मी ती वारज्यापर्यंत नेली आणि उघडली, तर पिशवीच्या तळाला हाताएवढा तांबूस डाग पडला होता. झाकण आणि कड यांच्यातून तेल पाझरलं होतं. मग रश्शासाठी झाकण घट्ट बसणारा गोल प्लास्टिक डबा घेतला. तो मायक्रोवेव्हमध्ये चालणारा आहे ना, हे तळाच्या खुणेवरून बघून घेतलं. वड्यांना मात्र चिपाडाचा डबा छान चालतो.

आता अशा वेळी «पर्यावरणपूरक पॅकिंग» लिहिणं खोटं ठरतं, कारण निम्मं पॅकिंग प्लास्टिकचं आहे. त्याऐवजी «वड्या, रस्सा, भाकरी वेगवेगळ्या बांधलेल्या» हे वाक्य खरं आहे आणि ज्याच्या घरी कधीतरी लगदा पोचलाय त्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. तुमच्याकडेही डबा ठरवण्याआधी ही चाचणी करा: गरम रस्सा काठापासून बोटभर कमी भरा, दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, झाकण लावा, डबा पांढऱ्या कागदावर दहा मिनिटं उलटा ठेवा. कागदावर तेलाचा एक ठिपका दिसला तरी तो डबा बाद. उकळता रस्सा भरून लगेच झाकण लावलं तर वाफेच्या दाबाने झाकण वाटेत उचकटतं, डबा कितीही चांगला असला तरी.

आता 179 चा हिशोब. एका ताटाचं सामान 66 रुपयांचं पडतं: वड्या 32, रस्सा 18, भाकरी 12, कांदा-लिंबू 4. दोन डबे, बटर पेपर, पिशवी आणि सीलची पट्टी मिळून 20. म्हणजे 86. तिच्या करारात अ‍ॅपचं कमिशन 24 टक्के आहे. 179 वर ते 43 होतं, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी पावणेआठ. हातात येतात साधारण 128, त्यातून 86 गेले की 42 उरतात. गॅस, भाडं आणि मदतनिसाचा पगार या 42 तून. भाव 220 झाला की हेच 72 होतात. तिच्या मनात आधी 149 होतं. त्यात 21 रुपये उरले असते आणि ताटं जितकी जास्त जातील तितकी दमछाक जास्त झाली असती.

थेट ऑर्डरीचं गणित वेगळं. तिथे कमिशन नाही, पण डिलिव्हरीचा मुलगा आपला. 4 किलोमीटरच्या आत तो फेरीचे 40 घेतो, 7 किलोमीटरला 65. म्हणजे 179 च्या ताटावर जवळच्या ऑर्डरीत 53 उरतात आणि लांबच्या ऑर्डरीत 28. «मोफत डिलिव्हरी» हे शब्द हद्दीशिवाय लिहिले तर ओपनिंग प्राइस परवडत नाही. मोफत डिलिव्हरी आणि तिची हद्द एकाच वाक्यात हवी, असं मला म्हणूनच वाटतं.

«मर्यादित काळासाठी» या शब्दांबद्दल मी बहिणीशी थोडं भांडलेच. त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. दोन आठवड्यांनी तो 179 समजून येतो, 220 बघतो आणि फसवल्यासारखं वाटून घेतो. याउलट «21 पर्यंत 179, 22 पासून 220» वाचलेल्याला 220 हीच खरी किंमत आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. जाहिरातीबाबतच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही अट ही दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात द्यावी असं आहे. म्हणजे मराठीत मोठ्या अक्षरांत 179 आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, हे चालत नाही.

इतकं सगळं दुसऱ्याच्या बाजूने असताना पहिल्यातली एक ओळ मला सोडवत नाही: «मासवडीत मासा नसतो». नाव ऐकून शाकाहारी घरं पदार्थाला हात लावत नाहीत आणि मासे खाणारे मासा समजून मागवतात, मग तक्रार येते. दुसऱ्या कॅप्शनमध्ये «पूर्ण शाकाहारी» आहे, पण ते मधल्या ओळीत आहे आणि इन्स्टाग्रामवर साधारण सव्वाशे अक्षरांनंतरचा मजकूर बोट लावल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा नाव, शाकाहारी असल्याचा खुलासा, भाग आणि भाव, चारही गोष्टी पहिल्या दोन ओळींत बसल्या पाहिजेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना पाठवताना मात्र मी पहिल्याचाच मजकूर वापरीन, त्यातली «पुण्यात घरपोच», «पर्यावरणपूरक» आणि «मर्यादित काळासाठी» ही तीन विधानं काढून आणि भावाची तारीख घालून. हे लोक आपल्या भागातलेच आहेत, डबे कसे येतात हे त्यांना माहीत आहे. त्यांना सारणाचं वर्णनच हवं असतं.

नव्या लोकांसाठीच्या पोस्टवर शेवटी हे गेलं:

«मासवडी-रस्सा. मासा नाही, पूर्ण शाकाहारी! कर्वेनगर, कोथरूड, वारजे. 179 रुपये, 21 तारखेपर्यंत (22 पासून 220).
बेसनाच्या पारीत तीळ, सुकं खोबरं, लसणाचं सारण. 6 वड्या, 250 मिली काळा रस्सा, बाजरीच्या 2 भाकरी, कांदा-लिंबू. एका माणसाचं पोटभर जेवण.
सगळं वेगवेगळं बांधून येतं. वडी ताटात घ्या, रस्सा गरम करून वर ओता.
थेट ऑर्डर केल्यास किचनपासून 4 किलोमीटरपर्यंत डिलिव्हरी मोफत. दुपारी 12 ते 3, संध्याकाळी 7 ते 10.»

फोटोवर भाव छापायचा असेल तर शेजारी तारीखही छापा. पोस्टखालचा मजकूर 22 तारखेला बदलता येतो, पण सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असलेला फोटो बदलता येत नाही.