पीएच मीटर: दोन बफर की तीन, आणि इलेक्ट्रोड गेलाय हे कसं ओळखायचं

मीटर हातात आला की पहिला प्रश्न हाच, कॅलिब्रेशन दोन बफरनी, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांनी, करायचं की तीन. बरेच जण डोळे झाकून तीन म्हणतात. माझं मत असं की सँपल ७ च्या एकाच बाजूला असेल तर दोनच बफरनी कॅलिब्रेट करा आणि तिसरा नुसता वाचून बघा, कॅलिब्रेशनमध्ये घेऊ नका. का ते सांगतो, आणि ते सांगता सांगता इलेक्ट्रोड कधी फेकायचा हेही त्यातच येतं, कारण दोन्ही गोष्टी एकाच आकड्यांवरून कळतात.

इलेक्ट्रोड पीएच वगैरे काही देत नाही, तो फक्त मिलिव्होल्ट देतो. चांगला इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ मध्ये शून्याच्या आसपास असतो आणि पीएच १ ने बदलला की साधारण ५९.२ मिलिव्होल्टने सरकतो, आम्लाकडे प्लसमध्ये, अल्कलीकडे मायनसमध्ये. ७ मध्ये शून्यापासून जितका लांब तो ऑफसेट, आणि दर पीएचला जितका सरकतो तो स्लोप. ५९.२ म्हणजे १०० टक्के. कॅलिब्रेशन म्हणजे मीटरला तुमच्या इलेक्ट्रोडचे हे दोन आकडे शिकवणं, बस.

आता दोन बिंदूंतून एकच सरळ रेघ जाते, आणि ती कायम जातेच, बफर बरोबर असो वा खराब. दोन बफरच्या पद्धतीतली खरी अडचण हीच आहे. ४ आणि ७ घेतले तर त्या दोघांच्या मधलं वाचन छान येतं, पण ७ च्या वर मीटर तीच रेघ पुढे ओढत नेतो आणि तिकडे इलेक्ट्रोड तसाच वागतोय का हे त्याला माहीतच नसतं. तीन बफर घेतले की बरेच मीटर ४ ते ७ चा एक स्लोप आणि ७ ते १० चा दुसरा स्लोप असे दोन तुकडे करतात (काही मीटर तिन्ही बिंदूंतून एकच मधली रेघ काढतात, तुमचा कोणता ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा, कारण तसा असेल तर एक खराब बफर दोन्ही बाजूंची वाट लावतो). सँपल कधी ५ कधी ९ असं फिरत असेल तर तीन बफर घ्यायलाच हवेत, तिथे वाद नाही.

एक उदाहरण घेऊ, २५ अंशाला, मीटर मिलिव्होल्ट मोडवर ठेवून.

| बफर | आदर्श मिलिव्होल्ट | आपलं वाचन |
|---|---|---|
| ७.०० | ० | −१२ |
| ४.०१ | +१७७ | +१६० |
| १०.०१ | −१७८ | −१७५ |

ऑफसेट −१२, म्हणजे ठीक, साधारण ±३० पर्यंत चालतं. ७ ते ४ मध्ये फरक १७२ मिलिव्होल्ट, त्याला २.९९ ने भागलं की ५७.५, म्हणजे ९७ टक्के, एकदम मस्त. दोन बफरवाला माणूस इथे थांबतो आणि खूश होतो. पण ७ ते १० चा फरक बघा, १६३ मिलिव्होल्ट भागिले ३.०१ म्हणजे ५४.२, जेमतेम ९१ ते ९२ टक्के. ४ आणि ७ वर कॅलिब्रेट केलेला मीटर हाच १० चा बफर ९.८३ दाखवेल, आणि खरा पीएच ८.५ असेल तिथे ८.४ च्या आसपास दाखवेल. म्हणजे मीटर ९७ टक्के म्हणतोय आणि वाचन मात्र चुकतंय.

आता इथेच गोची आहे. हे आकडे बघून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही तितकेच पटतात. एक, इलेक्ट्रोडची काच अल्कलीकडे थकलीय. दोन, इलेक्ट्रोड ठणठणीत आहे आणि १० चा बफरच १० चा राहिलेला नाही. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू खाली येतो, उघड्या बाटलीतला किंवा बीकरमध्ये ओतून ठेवलेला तर लवकरच. समजा तो खरंच ९.८३ वर आलाय, तर ५७.५ च्या स्लोपने इलेक्ट्रोडने नेमके −१७५ च दाखवायला हवेत, आणि तो तेवढेच दाखवतोय! अशा वेळी तुम्ही तिसरा बिंदू म्हणून तो स्वीकारलात तर चांगल्या इलेक्ट्रोडला तुम्ही स्वतःच बिघडवलं, खरा ९.० पीएचचा सँपल मग ९.१२ वाचेल. म्हणून मी म्हणतो तीन बफर म्हणजे आपोआप जास्त अचूक असं नाही, तिसरा बफर जितका खरा तितकंच ते कॅलिब्रेशन खरं.

फैसला सोपा आहे. १० चं नवं पाऊच फोडा किंवा नवी बाटली उघडा, थोडासा ओता, इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिश्यूने टिपा (घासू नका, काचेवर स्टॅटिक चार्ज येतो आणि वाचन नाचतं), आणि परत मिलिव्होल्ट बघा. −१८५ च्या आसपास आलं तर जुना बफर दोषी, परत −१७५ च आलं तर इलेक्ट्रोड दोषी. ताज्या बफरने गुन्हेगार ठरत नाही तोवर इलेक्ट्रोडला ॲसिडमध्ये वगैरे बुडवत बसू नका.

तिसरा बफर तपासायला ठेवायचा तो याचसाठी. सँपल ४ ते ७ मध्ये असेल तर ४ आणि ७ वर कॅलिब्रेट करा, मग १० चा बफर सँपलसारखा वाचा. १०.०१ च्या जवळ आला तर सगळंच बरोबर, नाही आला तर काहीतरी गडबड आहे हे कळलं आणि कॅलिब्रेशन मात्र बिघडलं नाही. सँपल ७ ते १० मध्ये असेल तर ७ आणि १० वर कॅलिब्रेट करा, ४ चा तपासा. १० इथे घ्यावाच लागतो, म्हणून तो ताजाच हवा. ४ चा बफर त्यामानाने टिकाऊ, बुरशी दिसली तर फेका.

एक जोडीचा घोळ मध्येच सांगून टाकतो. बफरचे दोन सेट फिरतात, ४.०१, ७.०० आणि १०.०१ हा एक, आणि ४.०१, ६.८६ आणि ९.१८ हा दुसरा. मीटर ७.०० वर सेट आहे आणि तुम्ही ६.८६ बुडवला तर मीटर बिचारा तो ७.०० समजून घेतो, सरळ ०.१४ ची चूक, आणि ऑफसेट फक्त ८ मिलिव्होल्टने हलतो त्यामुळे तक्रारही करत नाही. तापमानाचंही तसंच. १० चा बफर २० अंशाला १०.०६ आणि ३० अंशाला ९.९७ असतो, बाटलीवर टेबल छापलेलं असतं, ते बघा. मीटरचं ऑटो टेम्परेचर कॉम्पेन्सेशन स्लोप सांभाळतं, तुमच्या सँपलचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो तो नाही.

आता समजा ताज्या बफरनेही −१७५ च आलं, इलेक्ट्रोडच दोषी ठरला. तर तो कुठे आजारी आहे हे त्याच दोन आकड्यांवरून कळतं. स्लोप कमी आणि ऑफसेट ठीक म्हणजे सहसा काचेचा प्रश्न, वरती थर बसलाय किंवा काच म्हातारी झालीय. स्लोप ठीक पण ऑफसेट ±३० च्या बाहेर किंवा दर वेळी वेगळा येतोय, म्हणजे रेफरन्सचा, इलेक्ट्रोडच्या ज्या स्थिर भागाशी तुलना करून मिलिव्होल्ट मोजतात त्याचा प्रश्न: आतलं पोटॅशियम क्लोराइड पातळ झालंय, घाण शिरलीय किंवा ते द्रावण जिथून बाहेर झिरपतं ते जंक्शन चोंदलंय. हा दुसरा प्रकार जास्त फसवा वाटतो मला, कारण कॅलिब्रेशन केल्या केल्या वाचन बरोबर येतं आणि तासाभरात सरकतं. ढवळल्यावर आणि ढवळणं थांबवल्यावर वाचन वेगळं येत असेल तरी आधी जंक्शनवर संशय घ्या. आणि ४, ७, १० तिन्हीत जवळपास तेच मिलिव्होल्ट आले तर बल्बला तडा असेल किंवा केबलमध्ये शॉर्ट असेल. अशा वेळी इलेक्ट्रोड काढा, मीटरच्या बीएनसी सॉकेटमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडा तारेने जोडा, मीटरने शून्य मिलिव्होल्ट दाखवलं तर मीटर शाबूत असण्याची शक्यता जास्त, बघायचंय ते इलेक्ट्रोडकडे.

तिसरं लक्षण वेळ. चांगला इलेक्ट्रोड बफरमध्ये अर्ध्या ते एका मिनिटात बसतो. दोन तीन मिनिटं झाली तरी आकडा एकाच दिशेने सरकतोय म्हणजे तो मंद झालाय. यात गंमत अशी की मीटरचं स्टेबल चिन्ह अशा वेळी घाई करतं, वाचन पोचायच्या आधीच स्वीकारतं, आणि मग स्लोप कमी दिसतो. दुसऱ्यांदा जरा जास्त थांबून कॅलिब्रेट केल्यावर स्लोप सुधारला तर कारण हेच होतं.

उपाय एकदा करून बघायला हरकत नाही. काचेसाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १५ ते २० मिनिटं, तेलकट काही असेल तर आधी सौम्य डिटर्जंट, प्रोटीन बसलं असेल तर त्याच ॲसिडमध्ये पेप्सिन. जंक्शनसाठी कोमट पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवा, आणि भरायचं छिद्र असेल तर आतलं जुनं द्रावण काढून ताजं ३ मोलर भरा (मोजताना ते छिद्र उघडं ठेवायचं असतं, हे बरेच जण विसरतात). नंतर तासभर तरी ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा आणि मगच परत कॅलिब्रेट करा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचं नाही, त्यानेच इलेक्ट्रोड लवकर जातात.

सफाईनंतर स्लोप ९५ च्या वर आला तर वापरा. ९० च्या आसपासच अडकला आणि मंदही असेल तर बदला, ८५ च्या खाली तर प्रश्नच नाही. आपल्या उदाहरणातला इलेक्ट्रोड, आम्लाकडे ९७ आणि अल्कलीकडे ९२, हा मात्र मी लगेच फेकणार नाही. पटकन बसत असेल तर त्याच्यावर "फक्त ४ ते ७" अशी चिठ्ठी चिकटवून आम्लाच्या कामाला लावीन आणि अल्कलीसाठी नवा घेईन.

आणि नवा मागवायच्या आधी एवढं बघा की तो बफरमध्ये मंद आहे की फक्त सँपलमध्ये. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी मोजताना चांगला इलेक्ट्रोडही रांगतो आणि भटकतो, कारण त्या पाण्यात आयनच फार थोडे असतात. बफरमध्ये तीस सेकंदात बसणारा इलेक्ट्रोड तिथे पाच मिनिटं घेत असेल तर नव्या इलेक्ट्रोडनेही तेच होणार, पैसे वाया. तिथे कमी आयनांच्या पाण्यासाठी बनवलेला, जंक्शनमधून जास्त द्रावण सोडणारा इलेक्ट्रोड लागतो.