इंदूरमधली १०० एमबीपीएस फायबर लाइन: रात्रीची घसरण आणि कामी आलेलं तक्रारपत्र

कंपनीचं नाव देत नाही. रामबागेत लोकल केबलवाल्यामार्फत येणारी फायबर लाइन आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा, अपलोडही तेवढाच. दिवसा नाव ठेवायला जागा नाही. रात्री साडेआठ ते साडेअकरा मात्र व्हिडिओ अडकतो. कॉल सेंटरला फोन केला की राउटर बंद करून चालू करा म्हणतात. टेक्निशियन येतो दुपारी, त्याला ९५ दिसतात, तिकीट बंद. नुसतं "स्पीड येत नाही" म्हटलं तर हे असंच चालू राहतं. बिघाड घरात नाही आणि फायबरमध्येही नाही, हे तक्रारीतच दाखवावं लागतं.

त्यासाठी वायफायवरची टेस्ट धरू नका; कंपनी शेजाऱ्यांच्या वायफायवर खापर फोडून मोकळी होते. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि लिंक १ जीबीपीएसची दिसते का ते पाहा. केबलची एखादी जोडी तुटली असेल तर लिंक १०० वर येते आणि टेस्ट ९४च्या आसपास अडते. तेवढ्यावरून कंपनीला दोष देऊ नये.

मग सकाळी आणि रात्री त्याच सर्व्हरवर टेस्ट घ्या: एकदा कंपनीच्या स्वतःच्या, एकदा मुंबईतल्या दुसऱ्या कोणाच्या. फक्त मुंबईचा आकडा पडला तर अडचण कंपनीच्या जाळ्याबाहेर जाणाऱ्या वाटेत असू शकते. दोन्ही पडले तर ती त्या वाटेच्या आधीच आहे. सोबत विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
tracert -d 8.8.8.8
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 <tracert च्या दुसऱ्या ओळीतला पत्ता>
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पिंग घरच्या राउटरचा, दुसरा कंपनीच्या पहिल्या थांब्याचा. या थांब्यावर पॅकेट हरवलेली दिसली, पण 8.8.8.8 पर्यंत एकही हरवलं नाही, तर ते उपकरण पिंगला उत्तर द्यायला टाळतंय, एवढाच अर्थ. दोन्हीकडे हरवत असतील तरच ते पत्रात घाला.

कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला गेलेल्या पत्राचा मुख्य भाग पुढे आहे. त्यातली ऑप्टिकल पॉवर म्हणजे फायबरमधून घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, ओएलटी म्हणजे घरोघरच्या फायबर जिथे येऊन मिळतात ते केबलवाल्याकडचं यंत्र, आणि अपलिंक म्हणजे तिथून पुढे इंटरनेटकडे जाणारी लिंक:

"ग्राहक क्रमांक वर दिला आहे. याआधीच्या तक्रारी: ६ ऑक्टोबर २०२५ (तिकिटाचे शेवटचे अंक ४४१२), १४ ऑक्टोबर (५०८७), २ नोव्हेंबर (६३३१). तिन्ही 'स्पीड ठीक' असा शेरा मारून बंद झाल्या. तिन्ही वेळा तपासणी दुपारी झाली.

४ नोव्हेंबर, सकाळी ७: डाउनलोड ९६, अपलोड ९७, पहिल्या थांब्याचा पिंग ४ मिलिसेकंद. त्याच दिवशी रात्री ९.३०: डाउनलोड १४, अपलोड ९३, पिंग ६८, शंभरात ७ पॅकेट हरवली. ५ आणि ७ नोव्हेंबरला रात्री डाउनलोड १७ आणि १२. कंपनीच्या आणि मुंबईच्या सर्व्हरवर आकडे जवळपास सारखेच. घरच्या राउटरचा पिंग सर्व वेळी १ मिलिसेकंदाच्या आत. ऑप्टिकल पॉवर सकाळी आणि रात्री उणे २१ डीबीएम. स्क्रीनशॉट सोबत आहेत.

रात्री ८ ते ११ या वेळेत तपासणी व्हावी आणि आमच्या ओएलटीच्या अपलिंकचा त्या वेळेतला वापर लेखी कळवावा."

यातलं खरं वजन अपलोडच्या आकड्यात आहे. फायबर मुडपली किंवा कनेक्टर मळला तर पॉवर घसरते, कधी उणे २७च्याही खाली, आणि ती घड्याळ पाहून घसरत नाही. इथे पॉवर जागची हलत नाही, अपलोड शाबूत आणि फक्त डाउनलोड कोसळतो. घरोघरी रात्री डाउनलोडच जास्त होतो, म्हणजे ही गर्दी आहे. एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जीपॉन पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टला डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस मिळतात आणि ते साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळे एकदम पूर्ण वेग ओढत नसल्याने तेवढ्यात भागतं. पण लहान केबलवाल्याकडे असे अनेक पोर्ट असलेल्या ओएलटीला वर जाणारी लिंक कधीकधी एकच १ जीबीपीएसची असते. तिथे कोंडी झाली तर राउटर कितीही वेळा रिस्टार्ट करा, फरक पडणार नाही. म्हणूनच पत्रात अपलिंकचा आकडा मागितला.

अपिलाला पैसे लागत नाहीत. ट्रायच्या नियमांनुसार कंपनीला ते ३९ दिवसांत निकाली काढावं लागतं, पण आधीच्या तक्रारीचा क्रमांक हवा. ट्रायकडे थेट लिहून उपयोग नाही. वैयक्तिक तक्रारी तिथे सोडवल्या जात नाहीत.

यावेळी माणूस रात्री आला. अपलिंक वाढवल्याचा ईमेलही आला, वापराचा आकडा मात्र दिला नाही. आता रात्री साडेनऊला ८८ ते ९२ मिळतात, रविवारी ७० पर्यंत उतरतात. दिवसाच्या वेगाला पूर्ण गुण, रात्रीच्याला पाचपैकी तीन. वार्षिक प्लॅनवर सूट आहे, तरी सध्या महिन्याचाच रिचार्ज घ्यावा: त्याच अपलिंकवर नवी कनेक्शनं चढवणं केबलवाल्याने थांबवलेलं नाही.